वंशशोध जनुकचाचणी व आप्तांची संमती (बेने इस्रायल)

बेने इस्रायल हा रायगडच्या किनारपट्टीत रुजलेला मराठीभाषक ज्यू समाज. तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवीत म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे गावांवरून पडली. आज बहुतेक कुटुंबे इस्रायलमध्ये असून भारतात काही हजार माणसे उरली आहेत.

जनुकीय अभ्यास : २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या समाजातील १८ जणांचे नमुने तपासले गेले. ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले; त्यांचा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा ठरला. संमती १८ जणांची, निष्कर्ष मात्र साऱ्या समाजाला लागू झाला. १९६० च्या दशकारंभी इस्रायलच्या धर्मपीठाने विवाहाच्या वेळी ज्यांच्या ज्यूपणाचीच चौकशी मांडली होती, त्यांच्यासाठी ही गोष्ट किरकोळ नव्हे.

नात्याची जुळणी : ग्राहक लाळेची नळी टपालाने पाठवतो. कंपनी जनुकसंचातील काही लाख ठिकाणे वाचून इतर ग्राहकांशी सामायिक तुकडे शोधते. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी साडेबारा टक्के अंश सामायिक असतो. समजा, अमेरिकेतील एका तरुणीने चाचणी केली आणि तिच्या आत्याच्या मुलाशी जुळणी अपेक्षेच्या निम्मीच निघाली. तिचे वडील व आत्या सावत्र असावेत, अशी शंका येते. अलिबागला राहणाऱ्या आजीने नळी हातातही घेतलेली नसते. उघडे पडते ते तिचे आयुष्य.

समाजांतर्गत विवाहांमुळे उलट चूकही होते. अनेक बाजूंनी आलेले दूरचे नाते बेरजेत जवळचे दिसते. लांब तुकडे थोडे आणि बारीक तुकडे पुष्कळ असतील, तर कंपनीने सांगितलेले नाते जपून घ्यावे.

एका गणितानुसार लोकसंख्येच्या सुमारे दोन टक्के लोकांची नोंद झाली, की जवळजवळ प्रत्येकाचा तिसऱ्या पिढीच्या चुलत भावंडाइतका तरी जवळचा आप्त सापडतो. पाच हजारांच्या समाजात दोन टक्के म्हणजे शंभर माणसे.

माहितीची गळती : २०२३ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ कंपनीची सुमारे १४,००० खाती अन्यत्र वापरलेल्या पासवर्डांमुळे फुटली. नातलग-जुळणीच्या सोयीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. त्यांतील बहुतेकांचा स्वतःचा पासवर्ड शाबूत होता. चोरट्यांनी विक्रीला काढलेल्या याद्यांत अश्केनाझी ज्यू वंशाच्या लोकांची वेगळी यादी होती. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ही माहिती विक्रीयोग्य मालमत्तेत गणली गेली.

कायदा : इस्रायलच्या २००० सालच्या कायद्यानुसार नाते ठरवणाऱ्या चाचणीस न्यायालयाचा आदेश लागतो; परदेशातील आप्तावर त्याचे बंधन नाही. भारताच्या २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीसाठी स्वतंत्र वर्ग नाही.