एका गोळीची प्रस्तावना

युद्धात सैनिक आणि नागरिक वेगळे धरायचे, या भेदाच्या तत्त्वाचा आजचा लेखी धागा एका बंदुकीच्या गोळीपर्यंत जातो. १८६३ मध्ये रशियन सैन्याने शत्रूचे दारूगोळ्याचे गाडे उडवण्यासाठी आपटताच फुटणारी गोळी बनवली. १८६७ मध्ये ती अशी बदलली गेली की मऊ वस्तूवरही फुटावी, म्हणजे माणसाच्या अंगातसुद्धा. साध्या गोळीनेही माणूस लढाईतून बाद होतो, मग त्याच्या चिंधड्या कशाला? हा सवाल रशियाच्या सरकारनेच उपस्थित केला. १८६८ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गला जमलेल्या देशांनी ४०० ग्रॅमहून हलक्या स्फोटक गोळ्या आपसांतल्या युद्धात वापरायच्या नाहीत, असं ठरवलं.

ती बंदी आज फारशी कुणाला आठवत नाही. टिकली ती तिची प्रस्तावना. तिच्या मते युद्धाचं वैध उद्दिष्ट एकच, शत्रूचं सैनिकी बळ खच्ची करणं. मग जो त्या बळाचा भाग नाही त्याच्यावर नेम धरण्याचं कारणच उरत नाही.

पण सैनिकी ठाणं वस्तीला लागूनच असेल तर? १९०७ च्या हेग नियमांनी फक्त बचावहीन गावांवर तोफा डागायला मनाई केली, आणि विमानं आल्यावर ती कसोटी तोकडी पडली. १९२३ मध्ये हेगलाच कायदेपंडितांनी हवाई युद्धाच्या नियमांचा मसुदा केला. वस्तीतल्या सैनिकी लक्ष्याचं महत्त्व नागरिकांच्या धोक्याशी तोलून पाहावं, असं त्यात होतं. तो मसुदा करार म्हणून कधी लागूच झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात शहरंच्या शहरं जळाली. अखेर १९७७ मध्ये, जिनिव्हा करारांच्या पहिल्या जादा प्रोटोकॉलच्या ५१व्या कलमात, प्रमाणाचा नियम उतरला: हल्ल्यातून अपेक्षित असलेल्या ठोस, थेट सैनिकी लाभाच्या मानाने नागरिकांची संभाव्य हानी अवाजवी असेल, तर तो हल्ला निषिद्ध.

दोन्ही बाजूंचे मृत मोजून हा नियम लावतात, असा सर्रास गैरसमज आहे. १ जून १९९३ ला वेढ्यातल्या साराजेव्होच्या डोब्रिन्या भागात, इमारतींनी वेढलेल्या वाहनतळावर फुटबॉलची स्पर्धा चालू होती. तिथे दोन तोफगोळे पडले. प्रेक्षकांत सुट्टीवरचे सैनिकही बरेच होते, त्यामुळे लक्ष्य सैनिकीच होतं, असा बचाव करता येण्याजोगा होता. बोस्नियन सर्ब सेनानी स्तानिस्लाव गालिचच्या खटल्यात न्यायालयाने २००३ मध्ये तो मुद्दा तपासला. सुमारे २०० जणांची गर्दी, त्यात कितीतरी मुलं. नेम सैनिकांवर असता तरी ही हानी उघडच अवाजवी ठरली असती, असं त्याने म्हटलं. कसोटी होती ती गोळा सोडण्याआधीची: हाती असलेल्या माहितीचा वाजवी वापर करणाऱ्या माणसाला पुढचं दिसलं असतं का? ‘अवाजवी’चं माप मात्र कलमात कुठेच दिलेलं नाही, आणि सेनापतींचे वकील नेमकं तिथेच भांडतात.

भारताने हा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. तरी भेद आणि प्रमाण हे दोन्ही नियम रूढीचा कायदा म्हणून सगळ्याच देशांना बंधनकारक मानले जातात.