दुसरी ताटातूट

२२ जून १९४८ रोजी लंडनजवळच्या टिलबरी बंदरात ‘एम्पायर विंडरश’ या जहाजातून शेकडो कॅरिबियन प्रवासी उतरले. महायुद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते आणि जमैका, बार्बेडोससारख्या बेटांवर पुरेसं काम नव्हतं. पुढच्या दीड दशकात तिथून हजारो लोक आले आणि बस, रेल्वे, इस्पितळांत कामाला लागले. त्यांतल्या अनेकांची मुलं मागे आजीपाशी राहिली.

कारण सरळ होतं. जहाजाचं भाडं महाग होतं. लंडनमध्ये अनेक घरमालक काळ्या माणसांना खोलीच देत नसत, त्यात लहान मूल असलं की आणखी अवघड. मग ‘पार्डनर’ लावायची, म्हणजे आपली भिशीच. आपली पाळी आली की त्या पैशातून एकेका मुलाचं तिकीट काढायचं. ‘वर्ष-दोन वर्षांत बोलावून घेऊ’ असं ठरलेलं असे, पण त्याची पाच-सात वर्षं होत.

समजा, १९५७ मध्ये दोन वर्षांची मुलगी आजीकडे राहिली आणि १९६४ मध्ये तिला लंडनला बोलावलं. आता ती नऊ वर्षांची आहे. आई तिला फोटोतून आणि पत्रांतून माहीत आहे. ताप आल्यावर उशाशी बसली ती आजी. विमानतळावर एक अनोळखी बाई तिला मिठी मारते. घरी दोन लहान भावंडं आहेत, ती मात्र आईला बिनधास्त बिलगतात.

मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी त्याच काळात लंडनमध्ये मूल आणि आई यांच्या ताटातुटीवर लिहीत होते. मूल रोज सांभाळणाऱ्या माणसाशी बांधलं जातं, त्याला रक्ताचं नातंच लागतं असं नाही. म्हणजे या मुलीची आईपासून झालेली ताटातूट पहिली, आणि आजीपासूनची दुसरी. मोठ्यांच्या लेखी मात्र दुसरी ताटातूट नव्हतीच. ते तिला ‘घरी येणं’ म्हणत.

त्यामुळे तिचा शोक कुणाला ओळखू आला नाही. ती गप्प राहते, सांगितलेलं सगळं निमूट करते, पण दुखलं-खुपलं तर आईकडे जात नाही. आईला वाटतं, मी हिच्यासाठी रात्रपाळ्या केल्या आणि ही कृतघ्न निघाली. मुलीला वाटतं, हिने मला एकदा सोडलं आणि आता आजीही हिरावली.

अशा कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या एलेन आर्नल्ड यांनी पुनर्भेटीतल्या या दुराव्याकडे लक्ष वेधलं. सगळ्यांचंच असं झालं नाही. कॅरिबियन समाजात मूल आजीकडे वाढणं जुनी, मान्य रीत होती आणि कित्येक मुलं तिथे सुखात वाढली. म्हणून सगळा दोष आजीकडे ठेवण्यावर टाकता येत नाही. तिथून मुलाला आणताना आजीसाठी रडायची मुभा त्याला होती का, हेही विचारायला हवं.