रंगांधस्नेही रंगसंच

रंगांध व्यक्तीलाही आलेख, नकाशे वाचता यावेत म्हणून निवडलेल्या रंगांचा गट. लाल-हिरव्या रंगांधत्वात लाल किंवा हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी सदोष असतात किंवा नसतातच. युरोपीय वंशाच्या सुमारे ८ टक्के पुरुषांत हा दोष आढळतो. स्त्रियांत तो विरळा.

मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी सुचवलेला आठ रंगांचा संच बराच प्रचलित आहे. त्यांनी लाल-हिरव्याला फाटा दिला नाही, फक्त छटा सरकवल्या. लालाऐवजी नारिंगीकडे झुकणारा शेंदरी (#D55E00) घेतला, कारण शुद्ध लाल काहींना जवळजवळ काळाच दिसतो. हिरव्यात निळा मिसळला (#009E73). निळ्याची जाण शाबूत असल्याने हा हिरवा शेंदरीपासून वेगळा ओळखू येतो. ‘आर’ या संगणकीय भाषेत ४.० आवृत्तीपासून हा संच अंतर्भूत आहे:

```
palette.colors(8, "Okabe-Ito")
```

मात्र हा संच म्हणजे रामबाण उपाय नव्हे. त्यातला पिवळा (#F0E442) पांढऱ्या कागदावर बारीक रेघेत हरवतो. शेंदरी व हिरव्याची उजळता जवळपास सारखी असल्याने कृष्णधवल छपाईत दोन्ही एकाच करड्या छटेचे होतात. आलेख करड्या रंगात बदलून पाहिला की हा दोष लगेच कळतो. अशा वेळी एक रेघ तुटक काढावी आणि नावे कोपऱ्यातल्या रंगसूचीत न देता रेघेच्या टोकाशीच लिहावीत.