रूपक ताल

सात मात्रांचा ताल, विभाग ३-२-२. ठेका : ती ती ना । धी ना । धी ना. खाली पहिल्या मात्रेवर, टाळ्या चौथ्या व सहाव्या मात्रांवर. समेवरच खाली असल्याने पहिल्या तीन मात्रांत डग्ग्याची आस नसते. जुन्नर-आंबेगावच्या भजनांतील आठ मात्रांच्या ठेक्यावर कान तयार झालेल्या विद्यार्थ्याला म्हणून चौथ्या मात्रेचा घुमारदार ‘धी’च सम वाटतो आणि त्याची मोजणी नकळत २-२-३ होते. मग खरी सम चौथीवरच का मानू नये? कारण बंदिशीचा मुखडा आणि तिहाई पहिल्या ‘ती’वरच येतात. शिवाय याच विभागणीच्या पखवाजावरील तीव्रा तालात पहिल्या मात्रेवर टाळी असते. म्हणजे खालीची सुरुवात सात मात्रांमुळे येत नाही, ती रूपकाचीच ओळख आहे. चूक पकडायला सोपी : तिहाई चौथ्या मात्रेच्या ‘धी’वर संपली, तर वादक तीन मात्रा पुढे गेलेला असतो.