वास्तुशांतीसाठी आशीर्वादाचे अभंग : सहा-सहा-सहा-चारचा हिशेब

लग्नात मंगलाष्टके म्हणतात, तसे वास्तुशांतीलाही घरच्या माणसांनी रचलेले चार शब्द म्हणावेत, अशी अनेकांची इच्छा असते. मग बहीण किंवा मावशी कागद घेऊन बसते, ओळी लिहिते आणि मंगलाष्टकाच्या चालीवर म्हणायला जाते. तिथेच गाडी अडते. ओळ कुठे लांबते, कुठे तुटते. दोष चालीचा नसून वृत्ताच्या निवडीचा असतो.

मंगलाष्टक का जमत नाही?

बहुतेक मंगलाष्टके शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. त्यात प्रत्येक ओळीत 19 अक्षरे येतात आणि बाराव्या अक्षरानंतर थांबा असतो. शिवाय प्रत्येक अक्षर ऱ्हस्व हवे की दीर्घ, हेही ठरलेले असते. नुसती 19 अक्षरे मोजून भागत नाही. एका जागी लघूऐवजी गुरू आला तरी चाल अडखळते.

अभंगाचे तसे नाही. तो अक्षरछंद आहे. त्यात फक्त अक्षरांची संख्या पाहतात, लघु-गुरू पाहत नाहीत. म्हणून घरगुती रचनेसाठी तो सोपा पडतो आणि चालही सगळ्यांच्या कानात आधीच बसलेली असते.

मोजायचे कसे?

मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी 6 अक्षरे आणि शेवटच्यात 4. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. जोडाक्षर एकच धरायचे, म्हणजे ‘नव्या’ची अक्षरे दोन. ‘तोरण’ बोलताना शेवटचा ‘ण’ तुटक ऐकू येतो, तरी मोजताना तो पूर्ण धरतात, कारण गाताना तो पूर्ण उच्चारला जातो.

नमुन्याचे एक कडवे पाहा :

नव्या या घराला । सुखाचे तोरण ।
शांतीचे अंगण । सदा लाभो ॥

न-व्या-या-घ-रा-ला, सहा. सु-खा-चे-तो-र-ण, सहा. शां-ती-चे-अं-ग-ण, सहा. स-दा-ला-भो, चार. ‘तोरण’ आणि ‘अंगण’ यांचे यमक. शेवटचा चरण छोटा असल्याने गाताना तो लांबवतात. आशीर्वादाचे क्रियापद तिथेच ठेवले, तर ते ठसते.

दुसऱ्या कडव्यात दूध उतू घालवण्याची रीत घेता येते :

दुधावाणी माया । उतू जावो घरी ।
भुकेल्याला दारी । घास मिळो ॥

चूक कुठे होते?

समजा, फ्लॅटमध्ये राहायला येणाऱ्या कुटुंबात आजी आहे आणि तिच्यासाठी कडवे हवे आहे. पहिला खर्डा असा झाला :

बाल्कनीत आजी । नातवंडे पाठी ।
गोष्ट ऐकण्यासाठी । जमू देत ॥

वाचताना ठीक वाटते, पण टाळी धरून म्हटले की तिसरा चरण घाईने उरकावा लागतो. मोजा : गो-ष्ट-ऐ-क-ण्या-सा-ठी. सात अक्षरे झाली. ‘एका गोष्टीसाठी’ असे केले की सहा होतात आणि ‘पाठी’शी यमकही राहते. अक्षर जास्त झाले आहे, हे ओळखायची खूण हीच : म्हणताना घाई होते. कमी असेल, तर उगाच ‘हो’ किंवा ‘गं’ घालावेसे वाटते.

दुसरी चूक शब्दांची. वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणत असतो, अशी समजूत आहे. म्हणून ‘भांडण न होवो’, ‘आजार टळो’, ‘कर्ज फिटो’ असे लिहिण्यापेक्षा ‘गोडवा नांदो’, ‘आरोग्य लाभो’, ‘बरकत येवो’ असे लिहितात. नकारार्थी वाक्यातही अशुभ शब्द तोंडून जातोच, ज्येष्ठांच्या कानाला तो खटकतो. दिव्यासाठी ‘जळो’ऐवजी ‘उजळो’ किंवा ‘तेवो’ म्हणतात, तेही याचसाठी.

केव्हा म्हणायचे?

हे अभंग मंत्रांची जागा घेत नाहीत. घराच्या अधिपतीची, म्हणजे वास्तोष्पतीची प्रार्थना ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील 54व्या सूक्तात आहे. त्यात तीन ऋचा आहेत आणि त्या त्रिष्टुभ छंदात, म्हणजे 11 अक्षरांच्या चरणांत आहेत. तो भाग गुरुजींचा. घरच्यांचे अभंग आरती झाल्यावर, प्रसाद वाटण्याआधी म्हणता येतात. वेळ आधी गुरुजींना विचारून ठरवावी.

तीन ते पाच कडवी पुरेत. एकाने कडवे म्हणायचे आणि शेवटचे चार अक्षरांचे चरण सगळ्यांनी उचलायचे. चारच अक्षरे असल्याने ती कागदाशिवायही पाहुण्यांना म्हणता येतात.