‘नाही’ ऐकूच आलं नाही

शिरूरला जुनी माणसं अजूनही घोडनदीच म्हणतात. तिथल्या एसटी स्टँडबाहेर 2009 मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, आम्ही सातजणांनी पिण्याच्या पाण्यावरचं एक पथनाट्य केलं. संहिता माझी होती. मंच नव्हता, माइक नव्हता. एक हलगी, एक घागर आणि आमचे गळे, एवढाच सरंजाम. खेळ संपला, टाळ्या पडल्या. गर्दी पांगताना डोईवर पाटी घेतलेल्या एक मावशी माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस बाबा. हिरीचं पाणी चांगलं हाय, म्हंजी आता टाकीची वाट बघाया नको.”

आम्ही नेमकं उलटं सांगितलं होतं. माझं वाक्य होतं, ‘विहिरीचं पाणी दिसायला चांगलं असलं तरी पिण्याजोगं नाही.’ मावशींना मी तिथंच समजावलं, पण त्या थांबल्या म्हणून. अर्धवट ऐकून एसटीत बसलेल्यांचं काय?

रात्री आम्ही ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, तेव्हा चूक कळली. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. वाक्य लांब असलं की शेवटाला श्वास सरलेला असतो आणि आवाज खाली येतो. त्यात आमचा हलगीवाला उत्साही, वाक्य पुरतं संपायच्या आत थाप मारणारा. मागून ट्रक गेला की संपलंच. ‘नाही’ गळतं आणि उरतं ते ‘पाणी चांगलं’. कागदावर निर्दोष असलेलं वाक्य रस्त्यावर खोटं बोलतं! मी कवी माणूस. शब्द नीट बसला की काम झालं, असं मानणारा. या शब्दाला किती पावलं चालायचं आहे, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

खरं तर आपल्या मातीत हा प्रश्न फार पूर्वी सोडवला गेलेला आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्याचा विचार गावोगाव नेला तो जलशांनी. हे जलसे तमाशाच्या अंगानं जात. नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसेही त्याच वाटेनं नेले. यातली बतावणी म्हणजे दोघांची प्रश्नोत्तरं. आपण ती विनोदासाठी आहे असं समजतो. मला आता वाटतं, ती कानासाठीही आहे. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं तोच शब्द उचलून उत्तर द्यायचं, म्हणजे एकच गोष्ट दोन तोंडांतून दोनदा निघते. शाहिरामागं झील धरणारे असतात, त्यांचंही तेच. ते ओळीचा शेवट पुन्हा उचलतात. शाहिराला दम घ्यायला सवड मिळते आणि मागच्या रांगेला हुकलेला शब्द दुसऱ्यांदा ऐकायला मिळतो.

अमर शेखांची आठवण इथं येणारच. बार्शीचे मेहबूब पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत 1944 मध्ये त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांच्या आवाजाच्या कथा आमच्या घरात अभिमानानं सांगितल्या जात. पण तो आवाज त्यांचा होता. आमच्या सातजणांत तसा एकही गळा नव्हता, तेव्हा गळ्याची उणीव संहितेनंच भरून काढायची होती.

पुढचा खेळ दौंडला ठरला होता. पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन आलेली मुळा-मुठा दौंड तालुक्यात रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. खालच्या गावांना पाण्याची गोष्ट नव्यानं सांगावी लागत नाही. प्रश्न होता, सांगून करायचं काय? ‘नदी वाचवा’ म्हटलं की लोक मान डोलावतात आणि भाजी घ्यायला जातात. म्हणून आम्ही एकच मागणी धरली. जिल्हा परिषद गावातल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला कार्ड देते. धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारायचं, बस्स.

मग ते फसलेलं वाक्य मोडलं. त्याची बतावणी केली. ‘पाणी कसं?’ ‘नितळ!’ ‘चव कशी?’ ‘गोड!’ ‘प्यायचं का?’ इथं हलगी बंद. सातहीजण हात आडवा करून एका दमात, ‘पिऊ नका!’ ‘नाही’ मुद्दाम टाळलं. ‘नका’चा शेवट आकारात होतो, तोंड उघडं राहतं, आवाज लांब जातो. शिवाय आडवा हात बहिऱ्यालाही कळतो. बाकीची वाक्यंही सहा-सात शब्दांवर आणली, एका श्वासात ओरडता येतील एवढीच. माझी दोन कडवी त्यात गेली. दुःख झालं, खोटं कशाला बोलू?

दुसरी अडचण रिंगणाची. गोल उभ्या गर्दीत नट कुणाकडेतरी पाठ करतोच, आणि पाठीकडच्यांना निम्मे शब्द पोचत नाहीत. म्हणून महत्त्वाचं प्रत्येक वाक्य पाठीला पाठ लावून उभ्या दोघांना वाटून दिलं. रिंगण बारा पावलांपेक्षा मोठं होऊ द्यायचं नाही, पोरं पुढं बसवायची, म्हणजे मागच्यांना दिसतं. आमच्यातला एकजण गर्दीच्या बाहेर उभा राहायचा. त्याला ऐकू आलं नाही तर त्यानं टोपी काढायची. टोपी निघाली की तेच वाक्य गावकरी झालेल्या नटानं ‘काय म्हणाला?’ असं विचारून पुन्हा वदवून घ्यायचं. लोकांना ते नाटकातलंच वाटे.

क्लोरिनची चाचणी दाखवायची होती. नळीतल्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले की क्लोरिन असलेलं पाणी पिवळं होतं. पण बोटभर नळी तिसऱ्या रांगेला काय दिसणार? मग घागरीतून धोतराएवढं पिवळं कापड काढलं. क्लोरिन नसलेल्या घागरीतून पांढरंच निघे, आणि पोरं ओरडत, ‘टीसीएल टाकलंच नाही!’ ब्लीचिंग पावडरीला गावात टीसीएलच म्हणतात.

बाजारातला माणूस पूर्ण वीस मिनिटं थांबत नाही, हेही शिरूरला दिसलं होतं. त्यासाठी गाडगेबाबांचा आधार घेतला. बाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. आम्ही दर चार मिनिटांनी नाटक थांबवून विचारायचो, ‘आपल्या गावाचं कार्ड कुठलं?’ नुकत्याच आलेल्याला विषय कळायचा, निघालेल्याला प्रश्न बरोबर न्यायला मिळायचा.

दौंडला रेल्वेच्या शिट्टीनं दोनदा खेळ अडवला. टोपी चारदा निघाली. शेवटी एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, “काय कळलं?” ते म्हणाले, “कार्डाचं इचारायचं. आन लाल निघालं तर?” याचं उत्तर संहितेत नव्हतं. मग तिथंच, बाजारात उभं राहून, त्यांच्याशी बोलत पुढचा प्रवेश रचला. सरपंच, ग्रामसेवक, टीसीएल टाकणारा जलसुरक्षक, तिघांना एका बाकावर बसवणारा. माझ्या मते सगळ्या नाटकात तोच प्रवेश चांगला होता.

पुढच्या आठवड्यात शिरूरला स्टँडबाहेर त्याच जागी नवा खेळ केला. पहिल्या वेळची किती माणसं त्यात होती, कळायला मार्ग नव्हता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)