वेन आकृतीची कुळकथा

एकमेकांवर चढलेली दोन-तीन वर्तुळे, भोवती विश्वसंचाचा आयत आणि प्रत्येक तुकड्यात एक संख्या: नववीच्या गणितातल्या ‘संच’ या प्रकरणामुळे ही आकृती महाराष्ट्रातल्या मुलांच्या ओळखीची असते. मूळच्या आकृतीत मात्र या संख्या नव्हत्या. ती तर्कशास्त्रासाठी काढली गेली होती आणि तिचे काम एवढेच होते, की कोणता तुकडा रिकामा आहे हे दाखवायचे. संख्या तिच्यात नंतर उतरल्या. तरी त्या कशा भरायच्या याचा नियम त्या जुन्या कामातूनच आलेला आहे.

वर्तुळांचा वापर वेनच्या आधीचा आहे. लिओनहार्ड ऑयलर याने बर्लिनमध्ये असताना, १७६० ते १७६२ या काळात, एका जर्मन राजकन्येला विज्ञान आणि तत्त्वज्ञान समजावणारी पत्रे लिहिली. त्यांत विधानांसाठी वर्तुळे आहेत. ‘सर्व कावळे पक्षी आहेत’ अशा विधानासाठी पक्ष्यांच्या वर्तुळाच्या पोटात कावळ्यांचे वर्तुळ, ‘एकही कावळा मासा नाही’ यासाठी दोन अलग वर्तुळे, आणि ‘काही’ने सुरू होणाऱ्या विधानासाठी एकमेकांना छेदणारी. पद्धत देखणी आहे, पण तिला एक मोठी अडचण आहे. चित्र काढण्याआधीच दोन संचांचे नाते ठाऊक असावे लागते. माहिती अर्धवट असेल, तर वर्तुळ आत काढायचे की बाहेर, हेच ठरत नाही.

केंब्रिजमध्ये तर्कशास्त्र शिकवणाऱ्या जॉन वेनने १८८० साली एका लेखात हा क्रम उलटा केला. त्याच्या पद्धतीत आधी सगळ्या शक्यता काढून घ्यायच्या. दोन संचांची वर्तुळे एकमेकांवर चढवली की बाहेरची जागा धरून चार भाग होतात, तीन संचांचे आठ. मग विधान वाचायचे आणि त्याने जो भाग अशक्य ठरतो तो रेघांनी भरून टाकायचा. ‘सर्व कावळे पक्षी आहेत’ या विधानाने कावळ्यांच्या वर्तुळाचा पक्ष्यांबाहेरचा तुकडा रिकामा ठरतो; वर्तुळे मात्र जागची हलत नाहीत. स्वतः वेन जुन्या चित्रांना ऑयलरची वर्तुळे म्हणत असे. नव्या आकृतीला वेनचे नाव लावून तिचा उल्लेख अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ सी. आय. लुईस याने १९१८ च्या ग्रंथात केला आणि ते नाव टिकले.

मोजणीच्या दृष्टीने वेनचा हा बदल निर्णायक ठरतो. सर्व शक्यता एकदाच आणि वेगवेगळ्या काढलेल्या असल्यामुळे कोणतीही वस्तू आठांपैकी नेमक्या एकाच तुकड्यात पडते; दोन तुकड्यांत कधीच नाही. म्हणून तुकड्यांतल्या संख्यांची नुसती बेरीज करता येते. तुकडा लहान दिसतो की मोठा, याला काही अर्थ नाही. रिकामा तुकडाही पुसला जात नाही, त्यात शून्य लिहिले जाते. मोजणीचा नियम स्वतंत्रपणे घडत होता: अनेक संचांत विभागलेल्या वस्तू दोनदा न मोजता कशा मोजायच्या, याची सूत्रे पोर्तुगालच्या दा सिल्वाने १८५४ मध्ये आणि इंग्लंडच्या सिल्व्हेस्टरने १८८३ मध्ये मांडली. हे दोन धागे शाळेच्या फळ्यावर एकत्र आले ते विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, जेव्हा अमेरिकेत सुरू झालेल्या ‘नव्या गणिता’च्या लाटेने संच हा विषय शालेय अभ्यासक्रमात आणला.

आता एक उदाहरण पाहू. एका शाळेतल्या १०० विद्यार्थ्यांपैकी ५४ क्रिकेट, ४५ कबड्डी आणि ३८ खो-खो खेळतात. क्रिकेट व कबड्डी दोन्ही खेळणारे २०, कबड्डी व खो-खो १७, क्रिकेट व खो-खो १५, आणि तिन्ही खेळणारे ८. एकही खेळ न खेळणारे किती?

दिलेल्या सात संख्यांपैकी फक्त ८ ही एका तुकड्याची संख्या आहे. बाकीच्या सगळ्या अनेक तुकड्यांच्या बेरजा आहेत, आणि हे ध्यानात आले की निम्मे गणित सुटते. ५४ हे क्रिकेटचे अख्खे वर्तुळ, म्हणजे चार तुकडे. २० ही क्रिकेट-कबड्डीची पाकळी, म्हणजे दोन तुकडे, आणि त्यांतला एक मधलाच. म्हणून भरायला सुरुवात मधून होते. मध्ये ८ लिहिले की क्रिकेट-कबड्डीच्या उरलेल्या तुकड्यात २० − ८ = १२, कबड्डी-खो-खोच्या तुकड्यात ९ आणि क्रिकेट-खो-खोच्या तुकड्यात ७. मग फक्त क्रिकेट: ५४ − १२ − ७ − ८ = २७. फक्त कबड्डी: ४५ − १२ − ९ − ८ = १६. फक्त खो-खो: ३८ − ९ − ७ − ८ = १४. सातही तुकड्यांची बेरीज ९३ येते, म्हणून आयतात, वर्तुळांच्या बाहेर, ७ उरतात. सूत्रानेही तेच येते: ५४ + ४५ + ३८ = १३७; यातून जोड्यांचे ५२ वजा, आणि तीनदा मिळवून तीनदाच वजा झालेले ८ पुन्हा अधिक, म्हणजे ९३.

नेहमीची चूक पाकळीत होते. ‘क्रिकेट व कबड्डी दोन्ही’ या शब्दांत तिन्ही खेळणारेही येतात. ते न ओळखता २०, १७ आणि १५ जसेच्या तसे लहान तुकड्यांत लिहिले, तर मधली ८ मुले पुन्हा पुन्हा मोजली जातात. इथे ही चूक लपत नाही. फक्त खो-खोचा तुकडा ३८ − १७ − १५ − ८, म्हणजे उणे २ होतो, आणि उणे दोन विद्यार्थी कोणत्याच वर्गात नसतात. सगळ्याच उदाहरणांत ती अशी उघडी पडत नाही, म्हणून प्रत्येक वर्तुळाचे चार तुकडे मिळवून मूळची संख्या येते का, हे पाहिलेले बरे. प्रश्नात ‘फक्त क्रिकेट व कबड्डी’ असे असेल तर मात्र २० थेट तुकड्यातच जातात. एका शब्दाने सगळे गणित बदलते.

मधली संख्या दिलीच नसेल तर? ती x धरली तर वरच्याच आकड्यांनी फक्त क्रिकेट १९ + x, फक्त कबड्डी ८ + x, फक्त खो-खो ६ + x होतात आणि वर्तुळांतली एकूण बेरीज ८५ + x येते. एकूण विद्यार्थी १०० आणि सर्वांत लहान पाकळी १५, त्यामुळे x शून्यापासून १५ पर्यंत काहीही असू शकतो. उत्तर एक नाही, पट्टा आहे. बाहेर ७ जण आहेत असे कळले, तरच x = ८ ठरतो.

चार संचांना वर्तुळे पुरत नाहीत. चार वर्तुळांनी जास्तीत जास्त १४ भाग होतात आणि लागतात १६, म्हणून वेनने तिथे लंबवर्तुळे वापरली. अशा वेळी कधी कधी आकृतीशिवायच काम लवकर होते. लुईस कॅरोलच्या १८८५ च्या कोड्यांच्या पुस्तकात युद्धात जखमी झालेल्यांचा एक प्रश्न आहे: शंभरांपैकी ७० जणांनी डोळा, ७५ जणांनी कान, ८० जणांनी हात आणि ८५ जणांनी पाय गमावला असेल, तर चारही गमावलेले कमीत कमी किती? जखमांची बेरीज ३१०. प्रत्येकाच्या वाट्याला तीन-तीन दिल्या तरी ३०० संपतात. उरलेल्या १० जखमा ज्यांना मिळतील, त्या किमान दहा जणांना चौथीही आहे.